नव्या शेजाऱ्यांसाठी पाऊण तास

येवल्याच्या जुन्या गल्ल्यांत नवं बिऱ्हाड आलं की कुणाला मुद्दाम ओळख करून द्यावी लागत नसे. हातमागाचा खटखटाट एका घरातून दुसऱ्या घरात ऐकू जायचा. ओट्यावर बसलेल्या बायकांना सामानाची बैलगाडी कुठे थांबली, आत किती भांडी गेली, किती मुलं आहेत, हे सगळं उभ्या उभ्या समजायचं. आता मनमाड रस्त्याच्या बाजूला आणि गावाच्या कडेला तीन-चार मजली इमारती झाल्या आहेत. तिथे राहणारे पुष्कळ लोक बदलीने आलेले असतात. कुणी बँकेत, कुणी तहसील कचेरीत, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात. टेम्पो रात्री येतो, सामान वर चढतं, दार बंद होतं. महिनाभराने जिन्यात गाठ पडली तरी दोघीही नुसत्या हसतात आणि पुढे जातात.

आमच्या इमारतीत तीन मजल्यांवर बारा घरं आहेत. पाच मुसलमानांची, बाकी हिंदू आणि एक बौद्ध कुटुंब. बारावं घर बरेच महिने रिकामं होतं, ते जानेवारीत भरलं. नवरा बँकेत, बायको, दोन मुलं आणि सासूबाई. सांगली भागातून आलेले. त्यांच्या स्वागताला आम्ही बायकांनी मिळून एक छोटा कार्यक्रम केला. तो कसा केला, काय ठरवलं आणि काय मुद्दाम टाळलं, ते इथे लिहीत आहोत. आमच्या मासिकाच्या अनेक वाचक भगिनी अशाच मिश्र वस्तीच्या इमारतीत राहतात. त्यांच्या मनात एक प्रश्न असतो, पण तो सहसा बोलला जात नाही: आपण बोलावलं तर ते येतील का, आणि आले तर आपल्या हातचं खातील का?

कुरआनच्या सूरह निसामध्ये (आयत ३६) नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही चांगलं वागायला सांगितलं आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा त्यांनी घरच्यांना पहिला प्रश्न हाच केला, की आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का? ही हकीकत तिरमिजी आणि अबू दाऊद या हदीससंग्रहांत आहे. म्हणजे शेजारी कोणत्या धर्माचा, हा प्रश्न आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. उरतो तो व्यवहाराचा प्रश्न. त्या शेजाऱ्याला मटण पाठवता येत होतं. येवल्यातल्या आपल्या शेजाऱ्याला काय पाठवता येईल?

पहिल्या दिवशी काही मोठं करू नये. सामान उतरवून दमलेल्या माणसाला पाहुणचार नको असतो. त्याला पाण्याचा हंडा, चहा आणि झाडू हवा असतो. आमच्याकडे त्यांच्या समोरच्या दारातल्या भाभींनी थर्मासभर चहा आणि बिस्किटांचा बंद पुडा दिला आणि त्या लगेच परत आल्या. हजरत आयशा (रजि.) यांनी विचारलं होतं, की दोन शेजारी असतील तर भेट कुणाला पाठवू? प्रेषितांनी (स.) सांगितलं, ज्याचं दार जास्त जवळ आहे त्याला. इमारतीत हा नियम फार उपयोगाचा पडतो. अकरा घरांनी एकाच संध्याकाळी दार वाजवलं तर नवा माणूस घाबरून जाईल. पहिलं दार समोरच्याचंच असावं.

बिस्किटांचा पुडा बंद होता, यालाही कारण आहे. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घेणाऱ्याला काही विचारावं लागत नाही आणि नको असेल तर तो पुडा नंतर मुलांना देता येतो. घरी तळलेले समोसे पाठवले असते तर त्यांना तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं.

खरी बैठक दहा-बारा दिवसांनी, रविवारी ठेवली. तोवर घर लागलेलं असतं, मुलांची शाळा ठरलेली असते. रविवार ठरवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी आणि संकष्टी पाहिली, कारण त्या दिवशी अर्ध्या बायका उपवासाच्या निघाल्या असत्या.

आमंत्रण मोबाईलवर न पाठवता कागदावर लिहून हातात दिलं. मोबाईलवरचा निरोप एकाच माणसापर्यंत जातो, बहुतेक वेळा घरातल्या पुरुषापर्यंत. कागद मात्र घरात ठेवला जातो आणि सासूबाईही तो चष्मा लावून वाचतात. द्यायला दोघी गेल्या, समोरच्या भाभी आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. एक मुसलमान आणि एक हिंदू जोडीने दारात उभ्या दिसल्या की निमंत्रण कुणा एका समाजाचं नाही, इमारतीचं आहे, हे न सांगता कळतं. चिठ्ठीत लिहिलं होतं:

«नमस्कार, सलाम.
आपण आमच्या इमारतीत राहायला आलात याचा आम्हा अकराही घरांना आनंद आहे. येत्या रविवारी संध्याकाळी सव्वापाच ते सहा या वेळेत गच्चीवर आपल्या सर्वांना भेटण्यासाठी जमत आहोत. आजी, मुलं, घरी कुणी पाहुणे असतील तर तेही, सगळ्यांनी यावं. खायला भेळ, शेवयांची खीर आणि फळं आहेत. सगळं शाकाहारी, अंड्याशिवाय. आपल्याकडे काही पदार्थ चालत नसतील तर या दोघींना जरूर सांगावं, म्हणजे तसं करता येईल. येताना काही आणू नये. गच्चीवर खुर्च्या आहेत. आजींना जिना अवघड असेल तर आम्ही खालच्या पार्किंगमध्ये बसू.
— आपले शेजारी, पहिला, दुसरा आणि तिसरा मजला»

वेळ संपण्याचा आकडा लिहिला नाही तर पाहुण्याला कधी उठावं हे समजत नाही आणि यजमानाला कधी आवरावं हे समजत नाही. पदार्थांची नावं लिहिली नाहीत तर शाकाहारी घरातली बाई आधीच सबब शोधून ठेवते, कारण मुसलमान शेजारणीने बोलावलं म्हणजे बिर्याणी असेल, असं तिच्या मनात असतं. चिठ्ठी वाचून ती भीती जाते. ‘काही चालत नसेल तर सांगा’ ही ओळ आम्हाला सगळ्यात कामाला आली.

त्यांच्या आडनावावरून आम्ही सगळ्यांनी त्यांना मराठा धरलं होतं. ते निघाले जैन. सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यानपिढ्या शेती करणारा, घरात मराठीच बोलणारा मोठा जैन समाज आहे. जैन म्हणजे मारवाडी किंवा गुजराती असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. चिठ्ठी हातात घेऊन सूनबाई संकोचाने म्हणाल्या, आम्हा बाकीच्यांचं काही नाही, पण सासूबाई कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत आणि सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालत नाहीत.

वेळ आम्ही आधीच सव्वापाच ते सहा ठेवली होती, ती आमच्या सोयीने. असरची जमात झाली की पुरुष मोकळे होतात आणि मगरिबच्या आत सगळं आवरलेलं हवं असतं. जानेवारीच्या शेवटी येवल्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. तीच वेळ आजींच्याही जेवणाची शेवटची. मगरिबची अजान आणि जैनांचं जेवण आटोपणं, दोन्ही एकाच सूर्याकडे बघून ठरतं, हे आमच्यापैकी कुणालाच आधी सुचलं नव्हतं. उन्हाळ्यात सूर्यास्त सातच्या पुढे जातो, तेव्हा थोडा उशिरा बसलं तरी चालतं.

रमजानमध्ये मात्र हे जमत नाही. इफ्तारला बोलवून नव्या शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी, असं आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं. पहिल्या भेटीसाठी ते सोयीचं नाही, असं आमचं मत आहे. रोजा सोडणारा भुकेला असतो, दहा मिनिटांत त्याला नमाजला उठायचं असतं, घरातल्या बाईचा जीव तव्यावरच्या भज्यांत असतो आणि सूर्यास्तानंतर न खाणारी आजी तर येऊच शकत नाही. इफ्तार दुसऱ्या-तिसऱ्या भेटीचा विषय. तोवर पाहुण्यांना आपला रिवाज थोडा ठाऊक झालेला असतो.

आता खाण्याबद्दल. कुणाच्याही स्वयंपाकघराचा प्रश्न येणार नाही असे पदार्थ निवडले की निम्मी अडचण सुटते. काही शाकाहारी घरांना पदार्थाइतकीच भांड्याची अडचण असते. ज्या पातेल्यात मटण शिजतं त्यात शिजलेली खीर त्यांच्या घशाखाली उतरत नाही. यात रागावण्यासारखं काही नाही. आपणही हलाल नसलेल्या मटणाच्या भांड्यातली भाजी खायला कचरतोच. म्हणून मुख्य पदार्थ सुकी भेळ ठेवली. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, शेव सगळं दुकानातून आलेलं, आणि ती गच्चीवर सगळ्यांसमोर नव्या परातीत कालवलेली. शिजवायची एकच गोष्ट होती, शेवयांची खीर. ती दुसऱ्या मजल्यावरच्या शाकाहारी काकूंच्या घरी, त्यांच्याच पातेल्यात केली. शेवया भाजायला आमच्यातल्या दोघी तिथे गेल्या. ईदच्या शीरखुर्म्याचा हात त्यांचा होता, त्यामुळे काकूंनी फक्त गॅस सांभाळला.

भेळेचं प्रमाण असं. मोजून बेचाळीस माणसं होती, मुलं धरून. एक किलो चुरमुरे, पाव किलो फुटाणे, पाव किलो भाजलेले शेंगदाणे आणि पाऊण किलो बारीक शेव पुरली. शेव घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावं, कारण साध्या दिसणाऱ्या शेवेतही पुष्कळदा लसूण असतो. सुटी शेव असेल तर वास घेऊन कळतं. पुड्यावर घटक छापलेले असतात, ते वाचावेत. बटाट्याऐवजी बारीक चिरलेली काकडी आणि टोमॅटो घातले, वरून एका मोठ्या डाळिंबाचे दाणे. काकडी-टोमॅटोच्या बिया काढून टाकल्या तर भेळ लवकर भिजत नाही. कांदा वेगळ्या वाडग्यात, वेगळ्या चमच्यासह, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. ज्याला हवा त्याने वरून घ्यायचा.

चटणी एकच केली, गोड. पाव किलो बी काढलेला खजूर, शंभर ग्रॅम चिंच, दीडशे ग्रॅम गूळ. चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ गाळून घ्यावा, त्यात खजूर आणि गूळ घालून दहा मिनिटं उकळावं, गार झाल्यावर मिक्सरमधून काढावं. मीठ, जिरेपूड, थोडं लाल तिखट. आलं घालायचं नाही, कारण तेही जमिनीखालचं. त्याऐवजी अर्धा चमचा सुंठपूड घातली. सुंठ त्यांना चालते, हे आम्ही आधी विचारून घेतलं. मिक्सरचं भांडंही काकूंचंच होतं. दही मात्र भेळेवर ठेवलं नाही. डाळीच्या पिठाची शेव आणि कच्चं दही एकत्र आलं की जैन त्याला द्विदल म्हणतात आणि नियम पाळणारे ते खात नाहीत.

सगळी भेळ एकदम कालवू नये. चटणी लागल्यावर चुरमुरे पाच-सात मिनिटांत मऊ पडतात आणि दहा मिनिटांनी लगदा होतो. आठ-दहा माणसांपुरती कालवावी, वाटावी, मग पुढची. कालवायला दोघी लागतात, एक ओतणारी आणि एक हलवणारी. हे काम मोठ्या मुलींना दिलं तर त्यांची आपसात ओळखही तिथेच होते. आमच्याकडे नव्या घरची मुलगी तिसऱ्या घाण्याला परातीजवळ येऊन उभी राहिली आणि तिने सरळ हात धुऊन शेव घालायला सुरुवात केली.

खिरीला चार लिटर दूध, दोनशे ग्रॅम बारीक शेवया, चारशे ग्रॅम साखर, चार चमचे साजूक तूप, मूठभर चारोळी आणि वेलची. शेवया तुपात बदामी रंगावर भाजून उकळत्या दुधात टाकल्या की पाच मिनिटांत शिजतात. गॅस बंद करताना खीर पातळ वाटली पाहिजे. गार होताना शेवया फुगतात आणि आत्ता बरोबर वाटलेली खीर तासाभराने चमच्याने कापावी लागते. लहान कागदी कपात शंभर मिलीच्या आतच वाढली. सोबत तीन डझन केळी आणि पिण्याचं पाणी. केळं सालासकट असतं, त्याला कुणाच्या हाताचा, सुरीचा, भांड्याचा प्रश्न नाही. केक, जेली, रंगीत मऊ गोळ्या मुलांसाठी आणाव्यात असं कुणीतरी सुचवलं होतं. त्या टाळल्या. सुट्या केकमध्ये अंडं असतं की नाही ते सांगता येत नाही, आणि जेलीतलं जिलेटिन कोणत्या जनावराचं आहे हे कळत नसल्याने ती आपल्याला अडते आणि शाकाहारी घरालाही.

सगळा खर्च नऊशेच्या आत बसला. अकरा घरांनी ऐंशी-ऐंशी रुपये काढले. नव्या घराकडून काही घेतलं नाही. एकाच घराने सगळा खर्च करू नये, असं आम्हाला वाटतं, ऐपत असली तरी. मग तो त्या घराचा कार्यक्रम होतो, बाकीचे पाहुणे ठरतात आणि पुढच्या वेळी कोण करणार यावरून कुजबुज सुरू होते.

आजी गच्चीवर आल्या, हळूहळू, कठडा धरून. घरून उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली त्यांनी सोबत आणली होती. भेळ त्यांनी घेतली नाही, खीरही नाही. एक केळं सोललं आणि मूठभर फुटाणे घेतले. आमच्यातल्या एकीचा चेहरा उतरला, इतकं सगळं त्यांच्याचसाठी केलं म्हणून. काकूंनी तिला हळूच बाजूला नेलं. सत्तरी ओलांडलेली बाई अनोळखी गावात तीन मजले चढून आली होती आणि आपल्या नियमात बसेल ते चारचौघींत बसून खात होती, तेही एका मुसलमान आणि एका बौद्ध शेजारणीच्या मध्ये. सुनेने आणि नातवंडांनी भेळ दोनदा घेतली, ते वेगळंच. ताटात काय उरलं यावरून माप काढायला गेलं की असे कार्यक्रम दुसऱ्यांदा होत नाहीत.

आपल्यालाही कधी नाही म्हणावं लागतं. पूजेचा प्रसाद आला की आपल्या बऱ्याच घरांत तो खाल्ला जात नाही. तो घेऊन गुपचूप टाकून देण्यापेक्षा किंवा दारातच तोंड वाकडं करण्यापेक्षा साध्या शब्दांत सांगावं, की देवापुढे ठेवलेलं आम्हाला चालत नाही, पण तुमच्या घरचे बाकीचे पदार्थ आवडीने खातो. हे एकदा सांगितलं की पुढे दिवाळीला काकू नैवेद्य दाखवण्याआधीच आपला डबा वेगळा काढून ठेवतात. आमच्याकडे तसंच होतं.

बोलण्याबद्दल एकच गोष्ट आधी ठरवली होती: आडनावाच्या मागे कुणी जायचं नाही. ‘म्हणजे तुम्ही कोण?’ हा प्रश्न कितीही गोड आवाजात विचारला तरी समोरच्याला त्याचा अर्थ कळतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, ती जातीच्या अनुभवातूनच. आणि त्या गावात राहणाऱ्यांना हे निराळं सांगायला नको. आपल्या समाजातही नवा मुसलमान शेजारी आला की पहिल्या पाच मिनिटांत ‘कोणत्या जमातीचे, कोणत्या मशिदीत जाता’ सुरू होतं. त्यालाही तो प्रश्न तितकाच टोचतो. आम्ही त्याऐवजी विचारलं, इथे आल्यापासून काय सापडत नाहीये? सूनबाईंनी लगेच यादी सांगितली. ज्वारीची चांगली गिरणी, मुलाला गणिताची शिकवणी, आणि पाणी नेमकं येतं तरी कधी?

पाण्याचं उत्तर इथे एका वाक्यात देता येत नाही. गावाचा साठवण तलाव पालखेड कालव्याच्या आवर्तनावर भरतो आणि आवर्तन लांबलं की नळाचे दिवसही लांबतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे माहीत नसतं, तो एकच टाकी भरून निर्धास्त राहतो. म्हणून आम्ही एक दुसरा कागद तयार ठेवला होता, तो निघताना दिला. आमच्या भागातला नळाचा सध्याचा दिवस आणि वेळ, इमारतीची मोटर कोण लावतो, गच्चीवरच्या टाक्यांपैकी त्यांची कोणती आणि तिचा कॉक कुठे, घंटागाडी सकाळी किती वाजता येते, दूधवाला, गॅसवाला, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान, आणि जिन्याखालच्या मीटरांपैकी त्यांचा कोणता. हा कागद त्यांच्या फ्रीजवर अजून लावलेला आहे. स्वागताच्या चिठ्ठीपेक्षा तोच जास्त वेळा वाचला जात असेल.

सहाला दहा मिनिटं कमी असताना मुलांना परात धुवायला लावली आणि खुर्च्या उतरवायला सुरुवात केली. उरलेली भेळ कुणाला डब्यात बांधून देऊ नये. ती खाली पोचेपर्यंत खाण्याजोगी राहत नाही. उरलेले सुके चुरमुरे आणि शेव मात्र वॉचमनच्या घरी गेली, कारण त्याच्या दोन मुलींना शिकवणी असल्याने वर येता आलं नव्हतं. त्यांना आधीच बाजूला काढून ठेवायला हवं असतं, पुढच्या वेळच्या यादीत ते वर लिहून ठेवलं आहे.

चार दिवसांनी समोरच्या भाभींच्या दारात थर्मास परत आला. सोबत झाकण लावलेल्या डब्यात हुरड्याचं थालीपीठ होतं, आणि डब्यावर चिकटवलेल्या कागदावर सूनबाईंनी लिहिलं होतं, की यात कांदा आहे, हे आमचं आहे, आजींचं नाही.